चार वेळा वाचलेलं पेपरात का सापडत नाही

"एमपीएससीचं दुसरं वर्ष चालू आहे, कोल्हापुरात अभ्यासिकेत बसतो. आधुनिक इतिहास चार वेळा वाचून झाला. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं पण पेपरात तह, सन, कोण कुणाशी, सगळं एकमेकांत घुसतं. माझी मेमरीच वीक आहे का? घरचे बदाम आणि ब्राह्मी घे म्हणतायत. कुणी अनुभवी असेल तर प्लीज सविस्तर सांगा."

बदाम खा, चवीला चांगले असतात. पण सुरतेचा तह आणि सालबाईचा तह डोक्यात वेगळे ठेवायचं काम बदाम करत नाहीत, ब्राह्मी पण करत नाही, ते तुलाच करावं लागणार.

मी राजारामपुरीत समुपदेशन करते, त्याआधी बरीच वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी निकाल लागले की 'मॅडम माझी मेमरी वीक आहे' म्हणणारी पोरं येतातच. त्यातल्या बहुतेकांना मी पहिल्यांदा एवढंच सांगते की मेमरी नावाची एक टाकी नसते जी गळतीय. माहिती आत जाताना नीट नोंदली गेली का, आत टिकली का, आणि पाहिजे तेव्हा बाहेर निघाली का, ही तीन वेगळी कामं आहेत आणि बिघाड तिन्हीपैकी कुठंही असू शकतो. पुस्तकात याला संकेतन, साठवण आणि पुनःप्राप्ती म्हणतात, पोरं एन्कोडिंग, स्टोरेज, रिट्रीव्हल म्हणतात, काहीही म्हण. 'विसरलो' हा एकच शब्द आपण तिन्ही बिघाडांना वापरतो, घोळ इथनंच सुरू होतो.

आता मी तुला समोर बसवून बघितलेलं नाही, त्यामुळं काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर सोडते. रात्री चारपाच तासच झोपत असशील, महिनोन्महिने मन लागत नसेल, किंवा अभ्यास सोडून रोजच्या गोष्टीपण निसटत असतील, म्हणजे सकाळी कुणाशी काय बोललो तेच आठवत नाही असं, तर आधी डॉक्टरला दाखव, बी१२ आणि थायरॉईड तपासून घे, मग खालचं वाच. तसं काही नसेल आणि फक्त तहच घुसत असतील, तर तुझी मेमरी माझ्यासारखीच आहे.

खिशात वीसची नवी नोट असेल, ती बाहेर न काढता सांग तिच्या मागं कुठलं चित्र आहे. शेकडो वेळा हातातनं गेलीय. वेरूळची लेणी आहेत, आपल्याच महाराष्ट्रातली. अमेरिकेत निकरसन आणि अ‍ॅडम्स यांनी १९७९ साली असंच एक सेंटच्या नाण्यावर करून बघितलं होतं, रोज वापरणाऱ्या लोकांनापण त्यावर काय कुठं आहे ते नीट काढता येईना. नोट ओळखायला रंग आणि आकडा पुरतो, म्हणून आपण तेवढंच आत घेतो. तुझ्या चार वाचनांचं असंच झालं असणार. वाचताना डोळ्याला फक्त 'हे पान आधी बघितलंय' एवढं ओळखायचं काम होतं, ते त्यानं केलं.

यात थोडा दोष आम्हा शिकवणाऱ्यांचापण आहे. अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांचं १९६८ चं तीन डब्यांचं मॉडेल आम्ही फळ्यावर काढतो, संवेदी स्मृती, मग शॉर्ट टर्म, मग लाँग टर्म, आणि मधल्या बाणावर 'उजळणी' लिहितो. पोरं त्याचा अर्थ काढतात की घोकलं की पुढच्या डब्यात ढकललं जातं. पण १९७२ ला क्रेक आणि लॉकहार्ट यांनी दाखवून दिलं की किती वेळा म्हटलं यापेक्षा म्हणताना त्या गोष्टीचं काय केलं याला जास्त किंमत आहे. नुसता आवाज घोळवला तर उथळ नोंद होते. अर्थ लावला, कशाशी तरी जोडलं, 'असं का' विचारलं की खोल नोंद होते. डब्यांचं मॉडेल चूक नाही म्हणणार मी, सुरुवातीला समजायला बरं आहे, पण त्याच्यावर अभ्यासाचा प्लॅन बांधू नये.

मग बिघाड नेमका कुठं आहे ते कसं ओळखायचं? मी एक साधी कागदाची टेस्ट घेते, तासाभराचं काम आहे. मागच्या वर्षी पेठ वडगावची एक मुलगी आली होती, तिची तक्रार शब्दाला शब्द तुझीच, म्हणून तिचंच सांगते.

आधी कोरा कागद दिला आणि म्हटलं, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातले तह आठवतील तसे लिही, सन, कोणात झाला, काय ठरलं. पुस्तक बंद. तिनं सालबाई १७८२ लिहिलं, पुरंदर लिहून त्याच्यापुढं १६६५ लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं, आणि पेन ठेवला. दहा मिनिटं ती खिडकीतनं बाहेर बघत होती.

मग दुसरा कागद, यावर मी इशारे लिहिलेले, ज्याला आम्ही क्यू म्हणतो. 'राघोबादादा मदतीसाठी मुंबईच्या इंग्रजांकडं गेले.' लगेच म्हणाली, सुरतेचा तह, १७७५, साष्टी आणि वसई द्यायचं कबूल केलं. म्हणजे हे आत होतंच की! कोऱ्या कागदावर आलं नाही, इशारा मिळाल्यावर धाडकन आलं. टुल्व्हिंग आणि पर्लस्टोन यांनी १९६६ ला हेच दाखवलं होतं, लोकांना शब्दांच्या याद्या दिल्या, नुसतं आठवा म्हटल्यावर बरेच शब्द गेले असं वाटलं, आणि 'यातली फळं कुठली, प्राणी कुठले' असा गटाचा इशारा दिल्यावर तेच गेलेले शब्द परत आले. आत असणं वेगळं आणि हाताला लागणं वेगळं. हा पुनःप्राप्तीचा बिघाड.

वडगावच्या तहाला मात्र इशारा देऊनपण गाडी हलेना. तिसऱ्या कागदावर मी चार पर्याय दिले, तिथं तिनं १७७९ वर बरोबर टिक केली, पण 'कुणी शरणागती पत्करली' याला चुकली. ही अर्धवट नोंद. ओळखण्यापुरती आहे, सांगण्यापुरती नाही. विचारल्यावर हसायला लागली, म्हणाली मॅडम मला कायम आमचंच वडगाव डोळ्यासमोर येतं, तिथं कसला तह झाला असेल असं वाटून मी पुढं जाते. तह झाला मावळातल्या वडगावला, पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांना मराठ्यांनी तिथं गाठलं होतं. म्हणजे नोंद होताना चुकीच्या खुंटीला टांगली गेली.

चौथी पायरी एबिंगहाउसची. १८८५ सालचा जर्मन माणूस, स्वतःवरच प्रयोग करायचा, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायचा आणि काही काळानं परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचा. जे काहीच आठवत नाही ते परत शिकताना जर लवकर येत असेल तर काहीतरी शिल्लक होतंच. एका दिवसानंतर त्याची बचत साधारण एक तृतीयांश राहिली होती आणि एका महिन्यानं एक पंचमांश, म्हणजे पडझड सुरुवातीला लै जोरात होते आणि मग मंदावते. मी त्या मुलीला न आठवलेला भाग परत वाचायला दिला, घड्याळ लावून, आणि तेवढ्याच लांबीचा एक कधीच न वाचलेला उतारापण दिला. जुना भाग निम्म्याहून कमी वेळात बसला. दोन्हीला सारखाच वेळ लागला असता तर मी म्हटलं असतं की पहिल्या चार वाचनांत आत काही गेलंच नाही. लक्षात घे, दोन उतारे कधीच अगदी सारखे अवघड नसतात, त्यामुळं हा अंदाज आहे, मीटर नाही.

आता तुझा मुख्य त्रास, एकमेकांत घुसणं. लोकांना वाटतं काळ गेला की आठवण फिकी पडते, भिंतीच्या रंगासारखी. थोडं तसं असेलही. पण जेनकिन्स आणि डॅलनबाक यांनी १९२४ ला दोन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, पाठ केल्यावर काही वेळा ते झोपले आणि काही वेळा जागे राहून आपली कामं करत बसले. तास तेवढेच गेले, पण जागेपणी कितीतरी जास्त विसरले. नुसत्या काळानं पुसलं जात असतं तर दोन्हीकडं सारखंच व्हायला पाहिजे होतं. मधल्या वेळात डोक्यात काय काय आलं त्याचा फरक पडतो. याला इंटरफिअरन्स म्हणतात, मराठी पुस्तकात व्यत्यय.

आणि यात जुनं नव्याला जास्त त्रास देतं हे लोकांना माहीत नसतं. मी लक्ष्मीपुरीत भाजीला जाते, दर वेळी गाडी वेगळ्या ठिकाणी लावते, आणि पिशव्या घेऊन बाहेर आले की मागच्या आठवड्याच्या जागी जाऊन उभी राहते. आजची जागा पुसली गेली नाही, पण 'लक्ष्मीपुरीत गाडी कुठं' या एकाच इशाऱ्याला पन्नास उत्तरं चिकटलेली आहेत आणि सगळी एकदम पुढं येतात.

यावरचा माझा सगळ्यात आवडता किस्सा पीटरसन पती-पत्नींच्या प्रयोगाचा. १९५९ साली त्यांनी लोकांना तीन अक्षरं दिली आणि लगेच एका आकड्यापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं, म्हणजे घोकता येऊ नये. अठरा सेकंदांत आठवण जवळजवळ साफ, दहातल्या एखाद्याच वेळी बरोबर. सगळ्यांनी म्हटलं बघा, शॉर्ट टर्म मेमरी किती पटकन विरते. मग १९६२ ला केपेल आणि अंडरवूड यांनी फक्त पहिल्याच फेरीचा हिशेब वेगळा काढला, तर पहिल्या फेरीत अठरा सेकंदांनंतरपण लोक जवळपास विसरतच नव्हते. पडझड दुसऱ्या तिसऱ्या फेरीपासनं सुरू होत होती, कारण आता आधीची अक्षरं मधे येत होती. आणि पुढं विकेन्स यांनी दाखवलं की तीन फेऱ्या एकाच प्रकारच्या गोष्टी देऊन चौथीला प्रकार बदलला, फळांवरनं एकदम व्यवसायांवर गेलं, की आठवण परत वर उसळते.

तुझ्या तहांकडं आता या नजरेनं बघ. सुरत १७७५, पुरंदर १७७६, वडगाव १७७९, सालबाई १७८२, चारही सातआठ वर्षांतले, माणसं तीच, इंग्रज तेच, साष्टी बहुतेक ठिकाणी आहेच. वर पुरंदर नावाचे दोन, १६६५ चा शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांचा, ज्यात तेवीस किल्ले द्यावे लागले, आणि हा १७७६ चा. त्या मुलीनं १६६५ दोनदा लिहिलं ते यामुळंच, तो सन शाळेपासनं मुरलेला, त्यामुळं 'पुरंदर' म्हटलं की तोच आधी येतो आणि नवा त्याच्यामागं अडकतो. तू चार वेळा वाचून या इशाऱ्यांना आणखी चिकट केलंस, वेगळं काहीच केलं नाहीस.

म्हणून आम्ही पहिलं काम केलं ते वेगळं करायचं. यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येक तहाला एकच प्रश्न विचारला, 'आधीच्या तहानं कुणाचं समाधान झालं नाही म्हणून हा करावा लागला?' नारायणराव पेशव्यांचा खून झाला १७७३ ला, राघोबांना गादी पाहिजे पण पुण्यात बारभाई विरोधात, म्हणून ते मुंबईकर इंग्रजांकडं गेले, सुरत. पण हा तह मुंबईवाल्यांनी कलकत्त्याला न विचारता केलेला, तिथनं अप्टन नावाचा कर्नल आला आणि पुण्याच्या कारभाऱ्यांशी नवा करार केला, सुरत रद्द, हा पुरंदर. मुंबईवाल्यांना ते पचलं नाही, राघोबाला घेऊन फौज पुण्यावर निघाली, घाटावर येऊन कोंडली गेली, हात टेकले, वडगाव. हा अपमान कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला मान्य नाही, युद्ध चालू, शेवटी महादजी शिंदे मध्ये पडले, सवाई माधवराव पेशवे म्हणून मान्य, राघोबांना पेन्शन, साष्टी इंग्रजांकडंच, सालबाई. आता प्रत्येक नावाला स्वतःचा एक माणूस आणि स्वतःचं एक भांडण आहे. सुरत म्हणजे राघोबा, पुरंदर म्हणजे अप्टन, वडगाव म्हणजे कोंडी, सालबाई म्हणजे महादजी. सन शेवटी लावले, आणि १७७६ ला तिनं स्वतःच खूण केली, 'सुरतेनंतर वर्षभरातच रद्द'. ती खूण मी दिली असती तर एवढी टिकली नसती असं माझं मत आहे, दुसऱ्याच्या युक्त्या उसन्या कपड्यासारख्या असतात, अंगाला बसत नाहीत.

एवढं झाल्यावर पुस्तक बंद करून बाहेर काढायचा सराव, आणि पोरं नेमकी इथंच सोडून देतात, कारण हे त्रासदायक वाटतं. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग यासाठीच मी सगळ्यांना सांगते. एका गटानं उतारा परत परत वाचला, चार बैठका. दुसऱ्यानं एकच बैठक वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तर वाचणारे ४० वर आले आणि लिहिणारे ६१ वर राहिले. म्हणजे अभ्यासिकेतनं उठताना तुला जे 'झालं बुवा पक्कं' वाटतं ना, ते पाच मिनिटांचं मोजमाप आहे, तुझा पेपर आठवड्यानंतरचा किंवा महिन्यानंतरचा असतो.

त्या मुलीला मी त्याच दिवशी रात्री, मग दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या आणि दहाव्या दिवशी कोऱ्या कागदावर लिहायला लावलं. हे दिवस दगडावरची रेघ नाहीत, पेपर लांब असेल तर अंतर वाढव, तत्त्व एवढंच की थोडं विसरायला सुरुवात झाली असताना ओढून काढायचं. लिहून झाल्यावर पुस्तकाशी ताडून बघायचंच, नाहीतर चूकच पक्की होते. चौथ्या दिवशी तिनं वडगाव आणि सालबाईच्या अटींची अदलाबदल केली आणि रडकुंडीला येऊन फोन केला. मी म्हटलं, चांगलं झालं, आता तुला माहिती आहे कुठली जोडी भांडतीय, तेवढीच दोन समोरासमोर ठेवून बघ. दहाव्या दिवशी चारही बरोबर आले, फक्त अप्टनचं नाव आठवलं नाही, 'कलकत्त्याचा तो कर्नल' असं लिहिलं होतं. चालतंय की.

अभ्यासिकेतल्या ठरलेल्या खुर्चीचं पण सांगते, कारण हे हमखास विचारतात. गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ ला पाणबुड्यांना शब्द शिकवले, काहींना पाण्याखाली, काहींना काठावर. जिथं शिकले तिथंच जास्त आठवले. म्हणून काहीजण म्हणतात परीक्षा हॉलसारख्याच जागी बसा. पण त्याच दोघांनी नंतर आठवण्याऐवजी ओळखायला लावलं तेव्हा जागेचा फरक दिसला नाही, आणि खोली बदलणं म्हणजे काही पाण्याखाली जाणं नव्हे. मी एवढंच सांगते की कोऱ्या कागदाचा सराव कधी अभ्यासिकेत, कधी घरी, कधी रंकाळ्याच्या कट्ट्यावर कर, म्हणजे उत्तर एकाच खुर्चीला चिकटून राहणार नाही.

ओळखणं आणि आठवणं यातला हा फरक तुला आता जास्त महागात पडणार आहे, कारण राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झालीय. प्रिलिमला पर्याय समोर असतात, पर्याय म्हणजे फुकटचे इशारेच, अर्धवट नोंदीवरपण टिक बसते. मेन्सला समोर कोरं पान असतं.

आणि पेपरात एकदम ब्लँक होतं ते वेगळं प्रकरण. तिथं बहुतेकदा आतलं गेलेलं नसतं, काळजीनं वर्किंग मेमरीची, म्हणजे त्या क्षणी डोक्यात धरून ठेवायची जागा खाल्लेली असते, मुळात ती लहान, आजचा अंदाज एका वेळी चारएक गोष्टींचा आहे, त्यातल्या दोन 'वेळ संपतोय' आणि 'यंदापण गेलं' यांनी अडवल्या तर शोधायला काय उरणार. अशा वेळी नाव ओढत बसू नकोस, भांडण आठव. कोण कुणावर चिडलं होतं? तिथनं सुरुवात केली की नाव बऱ्याचदा मागनं येतं. नाही आलं तर पुढचा प्रश्न घे आणि परत ये.

आज रात्री कोरा कागद घे, चारही तह लिही, मग इशाऱ्यांनी बघ, मग पर्यायांनी. किती कुठल्या कागदावर आले ते इथंच टाक, आणि जे इशारा देऊनपण आले नाहीत त्यांची नावं वेगळी लिही, त्यांचं काम वेगळं आहे.